शिबिराचा अर्ज असा आखावा

गावोगावी मधुमेह तपासणी शिबिरे भरतात. रक्ताचा थेंब घेतला जातो, आकडा अर्जावर उतरतो आणि पुढे संगणकात नोंदवला जातो. कोणाला डॉक्टरांकडे तातडीने पाठवायचे, याची यादी त्या नोंदींवरूनच तयार होते. म्हणून अर्जाची आखणी काळजीपूर्वक व्हावयास हवी.

अनेक अर्जांवर 'साखर' एवढाच शब्द व त्यापुढे रेघ असते. त्या रेघेवर कोणी '१५०' लिहितो, कोणी 'नॉर्मल', तर कोणी '७.८'. यांतील एकही उत्तर पुरेसे नाही. उपाशीपोटी १२६ वा त्याहून अधिक आकडा मधुमेहाकडे बोट दाखवतो. मात्र जेवणानंतर १५० आढळले, तर तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. म्हणून आधी स्वतंत्र प्रश्न असावा: रक्त केव्हा घेतले? त्यापुढे तीनच पर्याय छापावेत: (१) उपाशीपोटी, निदान आठ तास, (२) जेवणानंतर दोन तासांनी, (३) अन्य वेळी. भरणाऱ्याने केवळ खूण करावी.

मग आकड्यासाठी तीन चौकटी आखून त्यांच्या शेजारीच 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' असे एकक छापावे. भारतात हेच एकक रूढ आहे. कॅनडा वा इंग्लंडमध्ये मात्र मिलिमोल प्रति लिटर वापरतात. तेथून आणलेल्या यंत्रावर ७ दिसले, तर त्यास १८ ने गुणून १२६ लिहावे लागते.

तपासणी झालीच नाही, तर काय लिहावे? काही जण ० लिहितात, काही ९९९. समजा, नऊ जणांची साखर प्रत्येकी १२० आहे आणि दहाव्यापुढे ९९९ लिहिले आहे. संगणक दहाही आकडे खरे मानतो व सरासरी १२० ऐवजी जवळपास २०८ दाखवतो. यास्तव आकड्याची चौकट रिकामी ठेवून तिच्या आधी 'तपासणीची स्थिती' हा वेगळा रकाना द्यावा: १ आकडा मिळाला, २ नकार दिला, ३ यंत्राने `HI` दाखवले, ४ यंत्राने `LO` दाखवले, ९ अन्य कारण. हेच संकेतांक प्रत्येक शिबिरात कायम ठेवावेत. एकीकडे २ म्हणजे नकार व दुसरीकडे २ म्हणजे `HI` असे झाल्यास नोंदी एकत्र करता येत नाहीत.

अर्ज छापण्यापूर्वी दहा जणांकडून भरून घ्यावा. 'अन्य कारण' वारंवार आले, तर एखादा पर्याय राहून गेला आहे असे समजावे.

तिसरा संकेतांक विशेष मोलाचा आहे. साखर यंत्राच्या मापाबाहेर, बहुतेक यंत्रांत ६०० च्या वर गेली, की आकड्याऐवजी `HI` उमटते. त्यासाठी अर्जात जागा नसेल, तर चौकट रिकामी राहते आणि ज्याला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक आहे, तोच मनुष्य यादीत 'तपासणी न झालेला' म्हणून मागे राहतो.