एकच ध्वनिमुद्रण, अनेक संकलने

‘साधी माणसं’ (१९६५) या कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातील ‘ऐरणीच्या देवा’ हे गाणे संगीताच्या ॲपवर केवळ मूळ अल्बमखाली दिसत असेल, तर श्रोत्याने गाण्याच्या नावाऐवजी माणसांच्या नावाने शोध घ्यावा; कारण संकलने गायिका लता मंगेशकर, गीतकार जगदीश खेबुडकर किंवा लताबाईंनी संगीतासाठी घेतलेले ‘आनंदघन’ हे टोपणनाव यांभोवती बांधली जातात.

त्यानंतर ISRC, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, isrcsearch.ifpi.org येथे नावाने शोधून नोंदींतील अल्बम पडताळावेत.

क्रमांक जुळल्यास मुद्रण तेच असते. मात्र पुनर्प्रकाशनात कधी नवा क्रमांक दिला जातो, म्हणून तो वेगळा असल्यास कालावधी आणि गायिकेचे नाव पाहावे, कारण आदरांजलीच्या अल्बममध्ये गाणे पुष्कळदा दुसऱ्याच आवाजात असते.

एखादे गाणे सापडत नसल्यास वाचकांनी त्याचे नाव व गायक खाली जरूर कळवावेत.