नव्या इमारतीचा एसी पहिल्याच उन्हाळ्यात का फसतो? उत्तर पाइपच्या आत असतं

इमारत नवी कोरी, चिलर नामांकित कंपनीचा, लॉबीत मस्त गारवा. पण नवव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये माणसं फाइलने वारा घेतायत. मेकॅनिक येतो, थर्मोस्टॅट बघतो, गॅस चेक करू म्हणतो. शेवटी कुणीतरी छत उघडून त्या युनिटचा छोटा व्हॉल्व्ह खोलतं आणि आतून काळा चिखल आणि वेल्डिंगचे मणी बाहेर येतात.

हा कचरा वापरातून आलेला नसतो. पाइप बसवतानाच तो आत गेलेला असतो.

मॉल, हॉस्पिटल, आयटी पार्क अशा मोठ्या इमारतींत प्रत्येक खोलीला घरातल्यासारखा वेगळा कॉम्प्रेसर नसतो. तळघरात किंवा गच्चीवर चिलर असतो. तो पाणी साधारण ६-७ अंशांपर्यंत थंड करतो, पंप ते पाणी मजल्यामजल्यावर ढकलतो, खोलीतली उष्णता घेऊन ते १२ अंशांच्या आसपास परत येतं आणि पुन्हा थंड होतं. म्हणजे तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. नळाच्या पाण्यासारखं ते वाहून जात नाही, त्यामुळे आत राहिलेली घाणही कुठे जात नाही.

म्हणून पाइप जोडून झाले की चिलर चालू करण्याआधी तीन कामं करायची असतात : दाबाची चाचणी, पाण्याने धुणं आणि रसायनाने साफ करणं. ती कशी करायची हे आधीच लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. साइटच्या भाषेत त्या कागदाला 'मेथड स्टेटमेंट' म्हणतात. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, गेज कुठे लावायचा, पाणी कुठून आणायचं, कुठे सोडायचं, काम थांबवायचं कधी आणि सही कुणाची, हे सगळं त्यात असतं. बऱ्याच साइटवर जुन्या प्रोजेक्टचा कागद घेऊन वरचं नाव तेवढं बदलतात. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण यातले आकडे प्रत्येक इमारतीचे वेगळे असतात.

कसे, ते एका उदाहरणातून बघू.

समजा, १४ मजल्यांची ऑफिसची इमारत आहे. चिलर आणि पंप तळघरात, आणि सगळ्यात वरचा पाइप तिथून ५० मीटर उंच. पाण्याचा साधारण १० मीटर उंच स्तंभ म्हणजे १ बार दाब. म्हणजे पंप बंद असतानाही तळाच्या पाइपवर ५ बार आहेतच. त्यात पंपाचे ३ आणि वरच्या टोकाला हवा शिरू नये म्हणून ठेवलेला १ मिळवला, की कामाचा दाब झाला ९ बार. चाचणी बहुतेक ठिकाणी याच्या दीडपट दाबावर घेतात, म्हणजे साडेतेरा बार.

आता प्रश्न : हे साडेतेरा बार मोजायचे कुठे?

तळाला. तळाच्या गेजवर १३.५ दिसत असताना वरच्या गेजवर साडेआठच दिसणार आणि ते बरोबरच आहे. पण कुणी गेज गच्चीवर लावला आणि तिथे १३.५ होईपर्यंत पंप मारत राहिलं, तर तळाला १८.५ बार होतात. तिथले व्हॉल्व्ह १६ बारचे असतील तर त्यांच्यावर मर्यादेपेक्षा जास्त ताण आला. एखादं गॅस्केट लगेच फुटलं तर निदान कळेल तरी. नाही फुटलं, तर दुखावलेलं गॅस्केट तसंच आत राहतं.

चाचणीआधी चिलर, एक्स्पान्शन टँक, सेफ्टी व्हॉल्व्ह अशी उपकरणं वेगळी काढतात. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण बंद व्हॉल्व्हमधूनही थोडं पाणी सरकू शकतं. मग दाब उतरला तर दोष जोडाचा की व्हॉल्व्हचा, हे कळत नाही. म्हणून तिथे पोलादी चकती आवळतात, तिला ब्लाइंड फ्लँज म्हणतात. पाइपवर इन्सुलेशन चढवण्याआधी चाचणी घेतात, कारण जोड उघडे दिसायला हवेत.

पाणी खालून हळूहळू भरायचं आणि वरची तोंडं उघडी ठेवून हवा पूर्ण काढायची. हवा दाबली की स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. पाणी जवळपास दाबलं जात नाही, म्हणून पाण्याने भरलेला जोड सुटला तर फवारा उडतो आणि दाब लगेच उतरतो. हवा अडकलेली असेल तर तोच जोड तुकडे फेकतो.

दुसरा घोळ तापमानाचा. संध्याकाळी सहाला १३.५ बार केले, सकाळी सहाला गेजवर १२ दिसले. 'गळती आहे' म्हणून आरडाओरडा होतो. पण हवा नीट काढलेल्या पोलादी पाइपात पाणी फक्त एका अंशाने थंड झालं तरी दाब दोन-तीन बारने उतरू शकतो, कारण पाणी पोलादापेक्षा जास्त आकसतं. म्हणून दाबाबरोबर पाइपचं तापमानही लिहून ठेवतात आणि चाचणी २४ तासांची असेल तर सहाचं वाचन दुसऱ्या दिवशीच्या सहाशी ताडून बघतात. तापमान पूर्ववत झालं आणि दाबही परत आला, तर गळती नाही. तापमान स्थिर असूनही काटा उतरतच राहिला, तर टॉर्च घेऊन एकेक जोड बघत फिरायचं.

चाचणी पास झाली, सह्या झाल्या. सगळ्यात मोठी चूक इथे होते : पाणी अर्धवट सोडून देतात आणि महिनाभर पुढचं काम होत नाही.

पूर्ण भरलेल्या बंद पाइपात पाण्यातला ऑक्सिजन थोडासा गंज करून संपतो. पूर्ण कोरड्या पाइपला फारसा धोका नाही. पण ओला पाइप आणि त्यात भरपूर हवा, हे मिश्रण सगळ्यात वाईट. खालच्या वळणांत पाणी साचतं, तिथे गंज धरतो, बॅक्टेरिया पातळ बुळबुळीत थर तयार करतात. पुढे त्या थराखाली पोलाद एकाच बिंदूवर पोखरलं जातं आणि जाड पाइपलासुद्धा सुईएवढं भोक पडतं. म्हणून अनेक मेथड स्टेटमेंटमध्ये पाणी भरल्यापासून साफसफाई सुरू होईपर्यंत ४८ तासांची मर्यादा घातलेली असते. ब्रिटनमधल्या बीएसआरआयए संस्थेची 'बीजी २९' ही मार्गदर्शिका या कामासाठी आखाती देशांतल्या प्रोजेक्टवरही वापरतात.

आता धुणं. नळी लावली, दुसऱ्या टोकाने स्वच्छ पाणी आलं, म्हणजे झालं?

नाही. पाइपच्या तळाशी बसलेले वेल्डिंगचे मणी आणि वाळू हलायला पाण्याला वेग लागतो. पाइपच्या व्यासानुसार तो साधारण सेकंदाला १ ते दीड मीटर धरतात. आपल्या इमारतीत मुख्य पाइप २०० मिलीमीटरचा आहे. त्यात सेकंदाला १.३ मीटर वेग हवा असेल तर सेकंदाला जवळपास ४२ लिटर पाणी लागतं. १०,००० लिटरचा टँकर चार मिनिटांत संपला!

त्यामुळे पाणी एकदा वापरून सोडून देण्याची पद्धत इथे चालत नाही. आधी मोठा गाळ बाहेर काढून टाकतात. मग तात्पुरता पंप आणि मोठी गाळणी लावून तेच पाणी गोल फिरवतात. खोल्यांमधली युनिट्स बंद ठेवून त्यांच्या तोंडाशी जाणारा आणि येणारा पाइप एकमेकांना जोडतात, म्हणजे कचरा युनिटच्या बारीक नळ्यांत न शिरता गाळणीकडे येतो. हे न करणं म्हणजे केर काढून शेजारच्या खोलीत लोटणं.

सगळे मजले एकदम उघडले तरी फसगत होते. प्रत्येक मजल्याची फांदी ८० मिलीमीटरची धरू. ४२ लिटर १४ मजल्यांत वाटले तर प्रत्येकाला ३ लिटर मिळतात आणि वेग होतो जेमतेम ०.६ मीटर. पाणी फिरतंय, गेज छान दिसतोय, आणि वाळू जिथल्या तिथे. तेच एका वेळी सहा मजले उघडले तर प्रत्येकी ७ लिटर मिळतात आणि वेग १.४ मीटरच्या आसपास जातो. म्हणून आधी मुख्य पाइप, मग फांद्या, त्याही गटागटाने. वेग खरंच मिळाला का, हे पाइपवर बाहेरून लावायच्या अल्ट्रासॉनिक मीटरने मोजता येतं. गाळणी पुन्हा पुन्हा उघडून साफ करतात आणि ती सलग स्वच्छ निघेपर्यंत पाणी फिरत राहतं. पहिल्या फेरीत गाळणीत आट्यांवर गुंडाळलेला धागा, रंगाचे पापुद्रे, कधी अख्खा हातमोजाही सापडतो.

पाण्याने तेल, ग्रीस आणि पोलादावरचा कारखान्यातला काळा थर निघत नाही. त्यासाठी रसायन. सायट्रिक आम्लासारखी आम्लं वापरतात किंवा आम्ल नसलेली, लोह धरून ठेवणारी द्रव्यं. आम्ल झपाट्याने काम करतं, पण गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जस्तही खातं, त्यामुळे आत कोणकोणते धातू आहेत हे बघूनच निवड करावी लागते. एकूण पाणी २०,००० लिटर असेल आणि कंपनीने १ टक्का मात्रा सांगितली असेल, तर २०० लिटर रसायन. पाण्याचा अंदाज चुकला तर मात्राही चुकली.

पुरे कधी? घड्याळ बघून नाही. दर काही तासांनी नमुना घेऊन त्यातलं लोह मोजतात. गंज सुटत असतो तोवर आकडा चढतो. तो चढायचा थांबला, रसायनात अजून ताकद शिल्लक आहे, म्हणजे विरघळण्यासारखं आत फारसं उरलं नाही. आकडा थांबला पण रसायनच संपलं असेल, तर ते काम अर्धवट आहे. हा फरक न तपासता सही करणारे कमी नाहीत.

मग हे पाणी बाहेर काढायचं. पावसाळी गटारात अजिबात नाही. आम्ल आधी उदासीन करावं लागतं आणि इमारतीच्या सांडपाणी प्रकल्पात सोडायचं तर विचारून, थोडं थोडं, कारण त्यात जंतुनाशक असेल तर प्रकल्पातले उपयोगी जीवाणूही मरतात. ताज्या पाण्याने धुणं चालू ठेवायचं ते पाइपातल्या पाण्याचा पीएच आणि विद्युतवाहकता भरलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत. वाहकतेत १० टक्क्यांच्या आतला फरक ही नेहमीची अट असते.

आम्लाने साफ झालेलं उघडं पोलाद फार लवकर गंजतं. म्हणून शेवटचं पाणी भरताना त्याच दिवशी गंजरोधक आणि जंतुनाशक घालून ते सगळ्या फांद्यांतून फिरवतात. नायट्राइट हे नेहमीचं गंजरोधक, पण काही बॅक्टेरिया तेच खातात. त्यामुळे महिन्याभराने नायट्राइटचा आकडा अचानक उतरलेला दिसला, तर नुसतं आणखी नायट्राइट ओतून भागत नाही, बॅक्टेरियाची तपासणी करावी लागते.

आणि भाडेकरू यायला सहा महिने असले, तरी पंप नियमित चालवावा लागतो आणि प्रत्येक मजल्याचे व्हॉल्व्ह उघडून पाणी शेवटच्या टोकापर्यंत फिरवावं लागतं. वीज वाचवायला पंप बंद ठेवलेल्या इमारतीत तीच साफसफाई पुन्हा करायची वेळ येते, आणि तेव्हा छत बंद झालेलं असतं.