तेच चार सहगुणक, पण छेदासकट

१ + x चा नैसर्गिक लॉगॅरिदम टेलर श्रेणीने काढायचा, तर पहिली चार पदे अशी येतात:

x − x²/2 + x³/3 − x⁴/4

x = १ ठेवला की उत्तर ०.५८३३. खरे उत्तर ०.६९३१. x = २ ठेवला तर −१.३३३, आणि खरे उत्तर मात्र १.०९८६. चुकले म्हणून पाचवे पद घ्यावे, तर ५.०६७, सहावे घ्यावे, तर −५.६. जितकी पदे जास्त, तितका गोंधळ मोठा.

याचे कारण x = −१ पाशी आहे. तिथे लॉगॅरिदम उणे अनंताकडे कोसळतो. शून्यापासून हे ठिकाण १ अंतरावर असल्याने श्रेणी दुसऱ्या बाजूलाही १ च्या पुढे चालत नाही, तिकडे फलन कितीही शांत असले तरी! बहुपदीला अनंताकडे जाणारी जागा दाखवताच येत नाही. अपूर्णांकाला येते: छेद शून्य झाला की झाले.

आंरी पादे या फ्रेंच गणितज्ञाने १८९२ च्या प्रबंधात अशा अपूर्णांकांचा पद्धतशीर अभ्यास केला. (फ्रोबेनियसने त्याआधीच यावर काम केले होते, पण नाव पादेचे राहिले.) छेद 1 + bx + cx² माना. त्याने श्रेणीला गुणा आणि गुणाकारातली x³ व x⁴ ची पदे शून्य व्हावीत अशी अट घाला. दोन समीकरणे मिळतात:

1/3 − b/2 + c = 0
−1/4 + b/3 − c/2 = 0

त्यांतून b = १ आणि c = १/६. गुणाकारात उरलेली x व x² ची पदे म्हणजेच अंश. अंश-छेद ६ ने गुणून घेतले की

(6x + 3x²) / (6 + 6x + x²)

x = १ ला हा ९/१३, म्हणजे ०.६९२३ देतो. बहुपदीची चूक ०.११ होती, ती आता ०.०००८ वर आली. x = २ ला मिळतात १.०९०९. नवी माहिती काहीच घातलेली नाही, सहगुणक तेच चार. छेद शून्य होतो तो साधारण −१.२७ आणि −४.७३ ला, म्हणजे −१ च्या पलीकडे, जिथे लॉगॅरिदम वास्तव संख्या देतच नाही.

फायदा सगळीकडे एवढा नसतो. eˣ ला अशी अडचणीची जागाच नाही; तिथे x = १ ला चौथ्या घाताची बहुपदी २.७०८३ देते, पादेचा अपूर्णांक १९/७ म्हणजे २.७१४३, आणि खरे उत्तर २.७१८३. चूक निम्म्याहून कमी झाली, इतकेच. कधी छेदाचे शून्य नको तिथेच, आपल्या कामाच्या पट्ट्यात येऊन बसते. म्हणून छेदाची मुळे आधी तपासावीत.

फार दूर गेलो की आपला अपूर्णांकही थकतो. x कितीही वाढवला तरी तो ३ च्या वर जात नाही, लॉगॅरिदम मात्र वाढतच राहतो. खरे उत्तर ठाऊक नसताना हे ओळखायचे तर खालच्या पायरीचा अपूर्णांक x/(1 + x/2) शेजारी मांडावा. x = २ ला तो १ देतो, आपला १.०९. x = १०० ला तो १.९६ आणि आपला २.८९. दोघांत एवढी तफावत दिसली की कोणाचेच खरे मानू नये. तिथले खरे उत्तर ४.६२ आहे.