दीड मिनिटाचा परिचय, अध्यक्षांच्या तोंडी

मराठी व्याख्यानांचा इतिहास मोठा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. आज गावोगावी व्याख्यानमाला चालतात आणि त्यांचा क्रमही ठरून गेला आहे. आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि शेवटी आभार. या साखळीत सर्वांत कमी तयारी होते ती परिचयाची. प्रास्ताविक करणारा आठवडाभर टिपणे काढतो. परिचयाचा कागद मात्र अध्यक्षांच्या हातात पडतो तो व्यासपीठावर, बहुधा दिवा लावून झाल्यावर.

परिचय अध्यक्ष वाचणार असतील, तर लिहिणारा एक आणि बोलणारा दुसरा अशी स्थिती असते. लिहितो संस्थेचा चिटणीस किंवा एखादा कार्यकर्ता. अध्यक्ष तो मजकूर बरेचदा तिथेच पहिल्यांदा पाहतात. त्यामुळे या लेखनाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. श्रोत्याला वक्ता का ऐकावा हे कळले पाहिजे, आणि न अडखळता तो मजकूर परक्या तोंडातून बाहेर पडला पाहिजे. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे मराठी शब्द होतात. परिचय एक ते दीड मिनिटाचा हवा, म्हणजे हातात शंभर ते दीडशे शब्द आले. पाहुण्यांनी पाठवलेला बायोडाटा तीन-चार पानांचा असतो. सगळी गोम इथे आहे.

एक खरे नाव घेऊन पाहू. डॉ. जयंत नारळीकर यांचा बायोडाटा समोर आहे अशी कल्पना करा. कोल्हापूरला 1938 साली जन्म. शिक्षण बनारसला, मग केंब्रिजला. तिथे रँग्लर, पुढे पीएच. डी., फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, 1965 साली पद्मभूषण, ॲडम्स पारितोषिक, 1972 पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक, 1988 साली पुण्यात 'आयुका'ची स्थापना, 1996 साली युनेस्कोचे कलिंग पारितोषिक, 2004 साली पद्मविभूषण. शिवाय विज्ञानकथा, पाठ्यपुस्तके, लेख. इतके सगळे जसेच्या तसे वाचले तर श्रोत्यांच्या लक्षात एकच गोष्ट राहील, की माणूस फार मोठा आहे. ती तर त्यांना घरून निघतानाच माहीत होती.

निवड कशी करायची याचे उत्तर बायोडाट्यात सापडत नाही, ते व्याख्यानाच्या विषयात असते. समजा, 2010 च्या सुमाराची एखादी व्याख्यानमाला आहे आणि विषय आहे फलज्योतिषाची वैज्ञानिक परीक्षा. आता ॲडम्स पारितोषिक बाजूला पडते. पुढे येतो तो नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर केलेला प्रयोग. त्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका पाठवून कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण निघाले 46 टक्के, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते त्याहूनही किंचित कमी. हा अभ्यास 2009 साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

परिचय लिहिणाऱ्याला इथेच मोह होतो. 46 टक्क्यांचा आकडा इतका बोलका आहे की तो अध्यक्षांच्या तोंडी घालावासा वाटतो. तो घालू नये. तो आकडा वक्त्याच्या भाषणाचा कळस आहे. अध्यक्षांनीच तो सांगून टाकला, तर वक्त्याच्या हातातला पत्ता आधीच उघडा पडतो. परिचयाने प्रश्न उभा करावा आणि उत्तर वक्त्यावर सोडावे. या हिशेबाने अध्यक्षांचा कागद असा तयार होईल:

"पत्रिका पाहून माणसाची बुद्धी सांगता येते, असे आपल्यातले पुष्कळजण मानतात. त्यावर वाद घालणारे खूप भेटतात. आजच्या वक्त्यांनी वाद घातला नाही, त्यांनी परीक्षा घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्या ज्योतिषांकडे पाठवल्या आणि आलेली उत्तरे संख्याशास्त्राने तपासली. उत्तरे काय आली, ते आपण त्यांच्याकडूनच ऐकू. एरवी ते विश्वाच्या उत्पत्तीचा अभ्यास करतात. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. पुढे पुण्यात 'आयुका' ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले आहे. 'फलज्योतिषाची परीक्षा' या विषयावर बोलण्यासाठी मी विनंती करतो, डॉ. जयंत नारळीकर यांना."

हे ऐंशीच्या आसपास शब्द आहेत, सावकाश वाचले तरी एका मिनिटाच्या आत संपतात. कर्तबगारीच्या गोष्टी तीनच घेतल्या, आणि त्याही विषय सांगून झाल्यावर. सिद्धान्त आणि संस्था का ठेवल्या? हा माणूस मोजमापाच्या शिस्तीत वाढलेला आहे, हे श्रोत्याला त्यांतून कळते. पद्मविभूषणाचे वाक्य नसते तरी फार बिघडले नसते, पण सभागृहाला ते ऐकायचे असते आणि त्याला पाच सेकंद पुरतात. नाव अगदी शेवटी आले आहे, कारण टाळ्या नावावर पडतात. नाव आधीच घेतले की टाळ्या मध्येच होतात आणि उरलेला परिचय त्या गलक्यात बुडतो.

याच नारळीकरांना विज्ञानकथेवर बोलायला बोलावले असते, तर कागद जवळजवळ सगळा बदलला असता. तेव्हा सुरुवात 1974 सालच्या एका स्पर्धेपासून करता आली असती. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. या एका प्रसंगात लेखक म्हणून त्यांची ओळख पुरी होते. त्याला जोड द्यायची ती 'यक्षांची देणगी' या कथासंग्रहाची आणि विज्ञानप्रसारासाठी मिळालेल्या कलिंग पारितोषिकाची. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त तिथे अर्ध्या वाक्यात आटोपतो. संस्थेच्या कपाटात पाहुण्यांचा जुना परिचय ठेवलेला असतो आणि विषय बदलला तरी तोच बाहेर काढला जातो. तो कागद पाहुण्यांना ओळखतो, त्या दिवशीच्या व्याख्यानाला ओळखत नाही.

कर्तबगारी लिहिताना चुका होतात त्या बहुधा सन्मानांच्या बाबतीत. पद्म पुरस्कार ही पदवी नाही. ते नावाच्या आधी किंवा नंतर लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालच्या बालाजी राघवन खटल्याच्या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही निमंत्रणपत्रिकांवर 'पद्मविभूषण डॉ.' असे सर्रास छापले जाते. पुरस्कार वाक्यात सांगावा, नावाला चिकटवू नये. 'नोबेलसाठी नामांकन मिळालेले' हा दुसरा लाडका शब्दप्रयोग. नोबेलची नामांकने पन्नास वर्षे गुप्त ठेवली जातात, त्यामुळे हयात व्यक्तीबद्दलचा असा दावा सहसा पडताळता येत नाही. तो गाळलेला बरा. पद्मश्री आणि पद्मभूषण यांची गल्लत तर नेहमीची. पुरस्काराचे नाव आणि साल मूळ यादीत पाहून घ्यायला दोन मिनिटे लागतात. ती न दिल्यास वक्त्यावर स्वतःच्याच पुरस्काराची दुरुस्ती करत भाषण सुरू करण्याची पाळी येते.

विशेषणांचेही तेच. 'जागतिक कीर्तीचे', 'थोर विचारवंत', 'ऋषितुल्य' हे शब्द कोणत्याही पाहुण्याला लागतात, म्हणून ते कोणाचीच ओळख करून देत नाहीत. 'दोनशे पत्रिका जमवल्या' या तीन शब्दांत माणूस दिसतो. 'त्यांचा परिचय करून देणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे' हे वाक्य मराठी व्यासपीठावर इतके झिजले आहे की त्यावर आता कोणी मान वर करूनही पाहत नाही. वेळ मात्र त्यालाही लागतो.

आता परक्या तोंडाची परीक्षा. मराठी आकडे मोठ्याने वाचणे अवघड असते. कागदावरचे 1979 डोळ्यांना सोपे दिसते, पण भर सभेत एकोणऐंशी, एकोणनव्वद आणि एकोणसत्तर यांत भले भले चाचरतात. म्हणून ऐकवायच्या मजकुरात सालांऐवजी 'तीस वर्षांपूर्वी' असे लिहावे, किंवा साल अक्षरांत लिहावे. संस्थेचे लांबलचक नाव गाळून लोकांच्या तोंडचे नाव घ्यावे. 'आंतरविद्यापीठ खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्र' हे एका दमात वाचण्यापेक्षा 'आयुका' म्हणून पुढे तीन शब्दांत ती कसली संस्था ते सांगितलेले कानाला कळते.

पुष्कळदा पाहुण्यांचा बायोडाटा इंग्रजीत येतो आणि तोच अध्यक्षांच्या हाती दिला जातो. अध्यक्ष बिचारे उभ्या उभ्या भाषांतर करू लागतात आणि 'त्यांनी सर्व्ह केलेले आहे' अशी वाक्ये तयार होतात. परिचय आधीच मराठीत लिहिलेला हवा, वाक्य एका श्वासात संपणारे हवे. शेवटच्या वाक्यात 'करतो' लिहायचे की 'करते', हे अध्यक्ष कोण आहेत त्यावर ठरते. ही गोष्ट हमखास विसरली जाते, कारण लिहिणारा ते वाक्य स्वतःच्या तोंडी ऐकत असतो.

कागदाची मांडणीही साधी असावी. एकच पान, एकाच बाजूला, अक्षर मोठे, ओळींत मोकळी जागा. वाक्य जिथे थांबते तिथे नवी ओळ सुरू करावी आणि वक्त्याचे नाव दोन ओळींत तुटू देऊ नये. नावाचा उच्चार अपरिचित असेल तर तो वक्त्यालाच फोन करून विचारावा. पाहुणे परप्रांतीय असतील तर हे फारच जरूर असते. त्याच फोनवर विचारून घ्यावे की आपल्याबद्दल काय सांगितलेले आवडणार नाही. आजारपण, घरातले दुःख किंवा जुने वाद असल्या गोष्टी कौतुकाच्या भरात व्यासपीठावर येतात आणि पाहुणे अवघडून बसतात.

अध्यक्षांचा आणि वक्त्यांचा खरोखरच जुना परिचय असेल, तर पहिल्या वाक्याच्या आधी दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात. अध्यक्ष तिथे आपली आठवण एका वाक्यात सांगतील आणि मग कागदावर येतील. ही जागा ठेवली नाही, तर ती आठवण मजकुराच्या मध्येच निघते आणि परिचयाची दहा मिनिटे होतात.

तयार झालेला परिचय कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी वक्त्याला आणि अध्यक्षांना, दोघांनाही पाठवावा. वक्ता तपशील दुरुस्त करील, अध्यक्ष तो घरी एकदा मोठ्याने वाचतील. जिथे ते अडखळतील तो शब्द बदलावा, मग तो कितीही आवडता असो. कार्यक्रमाच्या दिवशी एक प्रत अध्यक्षांच्या टेबलावर ठेवावी आणि दुसरी सूत्रसंचालकाकडे द्यावी, कारण पहिली प्रत हारतुऱ्यांच्या खाली हमखास हरवते.