पाठ टाचणातला ‘विद्यार्थी कृती’ हा रकाना

अंधेरी-मुलुंडकडच्या बी.एड. मित्रमैत्रिणींनो, सराव पाठाच्या फाइलमध्ये प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ हे टप्पे सगळेच लिहितात. टाचण फसतं ते ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ या वाक्यावर. ऐकणं दिसत नाही, तपासताही येत नाही!

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घ्या. विवेचनात अध्यापक कृती : ‘कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून शिरोबिंदू एकत्र जुळवायला सांगतो, कोणता कोन तयार झाला, असं विचारतो.’ अगदी त्याच ओळीसमोर विद्यार्थी कृती : ‘कोपरे जुळवतात. अपेक्षित उत्तर : सरळ कोन, 180 अंश.’

चुकीचं उत्तरही लिहून ठेवा. कोपरे नीट जुळले नाहीत तर कुणी 170 म्हणेल. तिथे तुमचा पुढचा प्रश्न तयार हवा. हेतुकथनात मात्र उत्तर फोडू नका.