शंकरपाळं की कावळ्याचा पाय?

मंडळाच्या पुस्तकांची यादी संगणकावर घ्यायची ठरली आणि आराखडा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी साहित्याची, जोडीला कॉम्प्युटर सायन्सची, भालकीहून रोज ये-जा करणारी एक मैत्रीण. नियम दोनच होते. प्रत्येक पुस्तक कुठल्या तरी एका कपाटात असलंच पाहिजे. कपाटात मात्र कितीही पुस्तकं चालतील, एकही नसलं तरी चालेल.

मी वापरली ती पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली जुनी पद्धत. 'पुस्तक' एका चौकटीत, 'कपाट' दुसऱ्या चौकटीत, आणि मधे शंकरपाळ्याच्या आकारात त्यांचं नातं: 'ठेवलं आहे'. पुस्तकाच्या बाजूला N, कपाटाच्या बाजूला १. पुस्तकाला कपाट हवंच, म्हणून पुस्तकापासून शंकरपाळ्यापर्यंत दुहेरी रेघ. म्हणजे सक्ती ज्याच्यावर, खूण त्याच्याच शेजारी.

मैत्रिणीची पद्धत 'क्रोज फूट', म्हणजे कावळ्याचा पाय. यात शंकरपाळं नसतं. दोन चौकटींमधली रेघ हेच नातं. पुस्तकाच्या टोकाला तीन बोटं म्हणजे 'अनेक', त्यामागे छोटा गोल म्हणजे 'शून्यही चालेल'. कपाटाच्या टोकाला रेघेवर दोन आडव्या दांड्या म्हणजे 'कमीत कमी एक, जास्तीत जास्त एक'. इथं पुस्तकावरची सक्ती पलीकडे, कपाटाच्या टोकाला दिसते.

घोळ नेमका इथंच झाला. माझं अर्धं चित्र तिनं तिच्या पद्धतीनं पूर्ण केलं. माझी दुहेरी रेघ पुस्तकाजवळ होती, म्हणून सक्तीची दांडी तिनं पुस्तकाच्याच टोकाला काढली आणि गोल कपाटाकडे गेला. अर्थ उलटला: कपाटात एक तरी पुस्तक हवंच, पुस्तकाला मात्र कपाट नसलं तरी चालेल! तक्ते तसेच तयार झाले. कपाटाचा रकाना रिकामा ठेवूनही पुस्तकं नोंदली जायला लागली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

तशा दोन्ही पद्धती चांगल्याच. वाचकानं पुस्तक कोणत्या तारखेला नेलं, ही तारीख चेनच्या चित्रात थेट 'नेलं' या शंकरपाळ्याला लंबगोलात जोडता येते. माणसांशी बोलताना हे सोपं पडतं. कावळ्याच्या पायात रेघेला तारीख लटकवता येत नाही. 'देवघेव' अशी तिसरी चौकट काढावी लागते. पण पुढे तक्ता तसाच करायचा असतो, त्यामुळे ते काम आधीच झालेलं असतं.

म्हणून आम्ही सगळं चित्र कावळ्याच्या पायात नव्यानं काढलं. कोपऱ्यात खुणांचे अर्थ लिहिले. मग प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी मोठ्यानं वाचली: 'एका पुस्तकाला एकच कपाट, एका कपाटात शून्य किंवा अनेक पुस्तकं.' पहिल्या चित्राच्या वेळी असं वाचलं असतं, तर चूक तिथंच कानाला खटकली असती.