गोळ्या थांबवल्या, मग केस तीन महिन्यांनी का गळतात?

गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर पहिले दोन-तीन महिने केसांमध्ये काहीच फरक दिसत नाही. मग अचानक न्हाताना हातात केसांचा पुंजका येऊ लागतो, फणी भरते, उशीवर केस दिसतात. तोवर गोळ्यांचा विषय मागे पडलेला असतो, म्हणून दोष जातो नव्या शाम्पूला किंवा बोअरच्या पाण्याला. प्रत्येकीला हा त्रास होतो असे नाही, पण ज्यांना होतो त्यांनी आजचे कारण शोधण्याऐवजी दोन-तीन महिने मागे जाऊन पाहायला हवे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातला प्रत्येक केस आपल्या वेळापत्रकाने चालतो. तो काही वर्षे वाढतो, मग त्याची वाढ थांबते. वाढ थांबलेला केस लगेच पडत नाही. तो सुमारे तीन महिने मुळाशी तसाच अडकून राहतो आणि खाली नवा केस उगवू लागला की सुटतो. एरवी वेगवेगळे केस वेगवेगळ्या वेळी थांबतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गेले तरी विरळपणा जाणवत नाही.

संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. आपल्याकडची ‘माला-डी’ याच प्रकारची. यातले इस्ट्रोजेन केसांचा वाढीचा काळ लांबवते. गोळ्या थांबल्या की हा आधार एकदम जातो आणि वाढीत रेंगाळलेले बरेच केस एकाच सुमारास विश्रांतीला जातात. त्या दिवसापासून तीन महिने मोजले की गळती सुरू होण्याची वेळ येते. बाळंतपणानंतर केस गळतात, त्यामागेही बरेचसे हेच कारण असते. या गळतीला वैद्यकात ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. एका तिशीतल्या बाईने जानेवारीअखेर शेवटचे पाकीट संपवले. तिची गळती एप्रिलच्या सुमारास सुरू होईल, मेमध्ये सर्वांत जास्त वाटेल आणि बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ओसरेल. त्याच सुमारास कपाळाच्या कडेला आणि भांगाजवळ बारीक, उभे राहणारे केस दिसू लागतील. गळती थांबली तरी वेणी लगेच जाड होत नाही, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. डिसेंबरपर्यंत नवे केस पाच-सात सेंटिमीटरचे झालेले असतील. डोके भरलेले दिसायला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. लांब केसांच्या वेणीला पूर्वीची जाडी यायला त्याहून जास्त काळ लागतो.

या गळतीची ओळख पटवता येते. केस सगळ्या डोक्यावरून सारखे जातात, टक्कल पडलेले चट्टे दिसत नाहीत आणि गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते. ही गाठ पाहून मूळच उपटून आले असे वाटते, पण मूळ त्वचेत शाबूत असते.

भांग रुंद होत चालला असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. गोळ्या पुरुषी संप्रेरकांचा प्रभावही दाबून ठेवतात. पीसीओएस असलेल्या किंवा घरात केस विरळ होण्याचा कल असलेल्या स्त्रीमध्ये गोळ्या थांबल्यावर हा दबलेला त्रास वर येऊ शकतो. तो आपोआप भरून निघत नाही, त्यावर उपचार लागतात. चेहऱ्यावर केस, मुरुम किंवा अनियमित पाळी सोबत असेल तर शंका अधिक बळावते. दुसरे कारण लोहाचे. गोळ्यांवर कमी झालेला रक्तस्राव पुन्हा पूर्वीइतका होऊ लागतो आणि लोह कमी पडले तर गळती लांबते. म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर ते तपासणीआधी जरूर सांगा, कारण त्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो.

केवळ केसांसाठी गोळ्या पुन्हा सुरू करू नका; पुढे त्या थांबवल्या की हेच चक्र पुन्हा सुरू होऊ शकते. शिवाय गोळ्या थांबवताच गर्भ राहू शकतो, केस गळेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. मूल नको असेल तर दुसरे साधन त्याच दिवसापासून वापरा. शेवटची गोळी कधी घेतली आणि गळती कधी सुरू झाली, या दोन तारखा लिहून ठेवा. सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत गळती ओसरली नाही, भांग रुंद होत गेला, चट्टे पडले किंवा तीन महिन्यांत पाळीच आली नाही, तर त्या तारखा घेऊन डॉक्टरांकडे जा.